क्रेडिट, ग्रेड आणि सरासरी : आपल्या गुणपत्रिकेचा हिशेब आपणच करूया

(अभियांत्रिकी आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर आकड्यांशीच काम असतं. तरीही आयुष्यातली माझी सगळ्यात महागात पडलेली चूक चौथी-पाचवीतल्या सरासरीच्या गणितात झाली होती. आज तीच सांगणार आहे, कारण इथे बसलेल्यांपैकी अनेक जण येत्या काही महिन्यांत शिष्यवृत्तीचे, इंटर्नशिपचे, नोकरीचे फॉर्म भरतील आणि त्यात "टक्केवारी" किंवा "सीजीपीए" असा एक रकाना असेल.

मी दुसरं वर्ष संपवून एका कंपनीच्या इंटर्नशिपसाठी फॉर्म भरला. अट होती किमान ६५ टक्के. ग्रेडवरून टक्केवारी काढायचं सूत्र फॉर्मवरच छापलेलं होतं. आमच्या मार्कलिस्टवर त्या वेळी प्रत्येक सत्राचा एसजीपीए असायचा, चारही सत्रांचा मिळून सीजीपीए छापलेला नसायचा. मी चार एसजीपीए घेतले, बेरीज केली, चारने भागलं, सूत्रात टाकलं. ६५.५ टक्के आले. खूश होऊन फॉर्म पाठवला, परीक्षा दिली, मुलाखतही झाली. मग कागदपत्रं तपासायची वेळ आली. तिथल्या बाईंनी कॉलेजकडून आलेला उतारा समोर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचे तर ६४.४ होतात. फॉर्मवर ६५.५ का लिहिलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खोटं लिहिलं नव्हतं, पण लिहिलेलं खरंही नव्हतं. नाव यादीतून गेलं. घरी आल्यावर अब्बांना काय सांगायचं, हे बराच वेळ सुचलं नाही.

हा सव्वा टक्क्याच्या आतला फरक आला कुठून, हे समजून घ्यायला आधी एका सत्राचा हिशेब करू. मग चार सत्रांचा.

तांदूळ आणि चिठ्ठ्या

अब्बांचं किराण्याचं दुकान आहे. समजा त्यांनी ६० रुपये किलोचा ५ किलो तांदूळ घेतला आणि १२० रुपये किलोचा १ किलो, आणि दोन्ही एकत्र केले. या मिश्रणाचा भाव किती पडला? ६० आणि १२० ची सरासरी ९० येते. पण ९० ने हिशेब धरणारा दुकानदार स्वतःलाच फसवेल. पाच किलोचे ३०० रुपये आणि एक किलोचे १२० रुपये, एकूण ४२० रुपये आणि सहा किलो. भाव पडला ७० रुपये. सगळ्या दुकानदारांना हे येतं. गणिताच्या पुस्तकात याला भारित सरासरी म्हणतात. भार म्हणजे वजन, इथे किलो.

गुणपत्रिकेत हे वजन म्हणजे क्रेडिट, मराठीत श्रेयांक. यूजीसीच्या श्रेयांक पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान, किंवा आठवड्याला दोन तास प्रात्यक्षिक. म्हणजे आठवड्याला चार व्याख्यानं आणि दोन तासांचं प्रात्यक्षिक असलेला विषय पाच क्रेडिटचा होतो. आठवड्याला फक्त दोन तास वर्कशॉप असेल, तर तो विषय एका क्रेडिटचा. दोघांनाही मार्कलिस्टवर एकेक ओळ मिळते, आणि गोंधळ तिथेच होतो. ओळी सारख्या दिसतात, वजन सारखं नसतं.

दहावीपर्यंत आपल्याला या वजनाचा विचार करायची सवय नसते. तिथे विषय शंभर-शंभर गुणांचे असतात, म्हणून साधी बेरीज करून भागलं तरी उत्तर बरोबर येतं. तीच सवय घेऊन आपण कॉलेजात येतो.

आता ग्रेड. यूजीसीने सुचवलेल्या दहा अंकी पद्धतीत ओ या श्रेणीला १० ग्रेड पॉइंट, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५, नुसत्या पासला ४, आणि नापास किंवा गैरहजर असेल तर शून्य. किती गुणांना कोणती श्रेणी, हे ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं. त्यामुळे ते आपल्या विद्यापीठाच्या नियमांतच पाहावं.

फळ्यावर एक सत्र लिहितो. आकडे माझ्याच पहिल्या सत्रासारखे आहेत, थोडे सोपे केलेले.

| विषय | क्रेडिट | ग्रेड पॉइंट | गुणाकार |
|---|---|---|---|
| गणित | ४ | ६ | २४ |
| भौतिकशास्त्र | ५ | ६ | ३० |
| यांत्रिकी | ४ | ७ | २८ |
| विद्युत अभियांत्रिकी | ४ | ७ | २८ |
| प्रोग्रॅमिंग | ४ | ८ | ३२ |
| वर्कशॉप | १ | १० | १० |
| एकूण | २२ | | १५२ |

ग्रेड पॉइंटची साधी सरासरी काढली तर ६, ६, ७, ७, ८ आणि १० यांची बेरीज ४४ होते. सहाने भागून ७.३३. पण मार्कलिस्टवर येणारा एसजीपीए असा निघतो:

```
SGPA = Σ(C × G) / ΣC = 152 / 22 = 6.91
```

C म्हणजे क्रेडिट, G म्हणजे ग्रेड पॉइंट, आणि ते Σ चिन्ह म्हणजे सगळ्यांची बेरीज. यूजीसीच्या नियमाप्रमाणे उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत लिहायचं. एखाद्या ठिकाणी किमान ७ ची अट असेल, तर साध्या सरासरीने हा मुलगा आत आहे आणि खऱ्या हिशेबाने बाहेर. फरक आला तो वर्कशॉपच्या दहामुळे. साध्या सरासरीत त्या दहाला भौतिकशास्त्राच्या सहाइतकंच वजन मिळालं. खरं तर त्याचं वजन पाचव्या हिश्श्याचं आहे.

सूत्र पाठ करू नका. त्याऐवजी असं डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक क्रेडिटची एक चिठ्ठी आहे. भौतिकशास्त्राच्या पाच चिठ्ठ्या, पाचही जणींवर ६ लिहिलंय. गणिताच्या चार, त्यांवर ६. प्रोग्रॅमिंगच्या चार, त्यांवर ८. वर्कशॉपची एकच चिठ्ठी, तिच्यावर १०. अशा २२ चिठ्ठ्या एका पिशवीत टाकल्या. एसजीपीए म्हणजे या २२ चिठ्ठ्यांची अगदी साधी सरासरी. फक्त आपण विषयांची नाही, चिठ्ठ्यांची सरासरी काढतोय. हे एवढं लक्षात राहिलं, तर पुढचं सगळं आपोआप सुटतं.

एक उपयोग लगेच बघा. एखाद्या विषयात एक श्रेणी वाढली तर एसजीपीए किती वाढेल? त्या विषयाच्या सगळ्या चिठ्ठ्या एकेकाने वाढतील. भौतिकशास्त्रात सहाचे सात झाले तर बेरीज पाचाने वाढेल: १५७ भागिले २२, म्हणजे ७.१४. गणितात सहाचे सात झाले तर १५६ भागिले २२, म्हणजे ७.०९. एक क्रेडिटच्या विषयात एक श्रेणी वाढली तर फक्त ०.०५ च्या आसपास. या मुलाला ७ गाठायला बेरीज १५४ हवी होती, फक्त दोन कमी पडले. गणितात किंवा भौतिकशास्त्रात एकच श्रेणी वर गेली असती, तर तो त्या अटीत बसला असता.

पिशव्या सारख्या भरलेल्या नसतात

आता माझ्या चुकीकडे येऊ. माझी चार सत्रं अशी होती. पहिलं: २२ क्रेडिट, एसजीपीए ६.९१. दुसरं: २२ क्रेडिट, ७.२७. तिसरं: २४ क्रेडिट, ६.५०. चौथं: १६ क्रेडिट, ८.५०.

मी काय केलं? ६.९१, ७.२७, ६.५० आणि ८.५० ची बेरीज २९.१८, भागिले चार, म्हणजे ७.३०.

यात चार पिशव्या मी सारख्याच भरलेल्या धरल्या. प्रत्यक्षात चौथ्या पिशवीत १६ चिठ्ठ्या होत्या आणि तिसऱ्या पिशवीत २४. विषय कमी असल्यामुळे ते सत्र मला हलकं गेलं होतं, म्हणून तिथे ग्रेड चांगले आले. आणि नेमक्या त्याच हलक्या सत्राला मी जड सत्राइतका मान दिला. वर्कशॉपच्या दहाची चूक मी सत्रात केली नाही, पण सत्रांची सरासरी काढताना तीच केली.

बरोबर हिशेबात चारही पिशव्या एका पोत्यात रिकाम्या करायच्या. चिठ्ठ्यांवरच्या आकड्यांची बेरीज: पहिल्या सत्राचे १५२, दुसऱ्याचे १६०, तिसऱ्याचे १५६, चौथ्याचे १३६. एकूण ६०४. चिठ्ठ्या: २२, २२, २४ आणि १६ मिळून ८४.

```
CGPA = 604 / 84 = 7.19
```

७.३० आणि ७.१९. फॉर्मवरचं सूत्र होतं, सीजीपीएमधून ०.७५ वजा करा आणि दहाने गुणा. ७.३० चे झाले ६५.५ टक्के, ७.१९ चे ६४.४. अट ६५ ची.

सरासरींची सरासरी काढणं कधी चालतं? सगळ्या सत्रांचे क्रेडिट सारखे असतील तेव्हाच. पहिल्या वर्षी दोन्ही सत्रं २२-२२ ची होती, तिथे चाललं असतं. म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. एक-दोनदा उत्तर बरोबर येतं, आपला विश्वास बसतो, आणि नको तिथे पद्धत दगा देते.

फक्त एसजीपीए हातात असेल तर

इथे एक जण नक्की विचारेल, की मार्कलिस्टवर गुणाकारांची बेरीज छापलेलीच नसेल तर ६०४ आणायचे कुठून? एसजीपीएला त्या सत्राच्या एकूण क्रेडिटने गुणा. ६.९१ गुणिले २२ म्हणजे १५२.०२. ७.२७ गुणिले २२ म्हणजे १५९.९४. क्रेडिट आणि ग्रेड पॉइंट दोन्ही पूर्णांक असतात, म्हणून मूळ बेरीज पूर्णांकच असली पाहिजे. जवळचा पूर्णांक घ्या: १५२ आणि १६०. दोन दशांशांवर छापताना जी तोडमोड झाली होती, ती अशी भरून निघते.

हे का चालतं, तेही बघू. दोन दशांशांवर लिहिताना चूक जास्तीत जास्त ०.००५ ची होते. तिला २२ ने गुणलं तर ०.११. अर्ध्यापेक्षा खूप कमी, त्यामुळे जवळचा पूर्णांक बदलत नाही. तुमच्याकडे दीड क्रेडिटचा विषय असेल, तर पूर्णांकाऐवजी जवळचा अर्धा घ्या. आणि गुणाकार पूर्णांकाच्या आसपास आलाच नाही, समजा १५२.४ आला, तर समजायचं की तुम्ही धरलेले एकूण क्रेडिट चुकले आहेत. मार्कलिस्ट पुन्हा बघा. विनाक्रेडिट विषय तुम्ही मोजला असेल, किंवा एखादा सुटला असेल.

नापास विषय : भागायचं कितीने?

सगळ्यात जास्त वाद इथे होतो. पहिल्या सत्रात तो मुलगा गणितात नापास झाला असं धरू. गणिताच्या चार चिठ्ठ्यांवर आता सहाऐवजी शून्य आहे. बेरीज १५२ ची १२८ झाली. भागायचं कितीने? घेतलेल्या सगळ्या, म्हणजे २२ क्रेडिटने भागलं तर ५.८२. फक्त पास झालेल्या १८ क्रेडिटने भागलं तर ७.११. मुलगा तोच, मार्कलिस्ट तीच, आणि दोन उत्तरांत सव्वा पॉइंटपेक्षा जास्त अंतर.

दुसऱ्या पद्धतीत नापास विषयाच्या चिठ्ठ्या पिशवीतून काढूनच टाकल्या जातात, त्यामुळे नापास झालेल्याचा एसजीपीए पास असताना होता त्यापेक्षाही वर गेला. ७.११ हे ६.९१ पेक्षा जास्त आहे. असं उत्तर दिसलं की थांबायचं. यूजीसीच्या पद्धतीत नापासाला शून्य ग्रेड पॉइंट दिला आहे, तो विषय हिशेबातून काढून टाकायला नाही, मोजण्यासाठी. काही विद्यापीठं विषय राहिलेला असेपर्यंत त्या सत्राचा एसजीपीए छापतच नाहीत. पुढे विषय सुटला, की त्याच चार चिठ्ठ्यांवरचं शून्य खोडून नवा ग्रेड पॉइंट लिहिला जातो. चिठ्ठ्या नव्याने वाढत नाहीत. पुन्हा दिलेला विषय आठ क्रेडिटचा म्हणून मोजणारे विद्यार्थी मी पाहिलेत. त्यांचा भाजक फुगतो आणि उत्तर उगाच खाली जातं.

तुमच्या विद्यापीठाने कितीने भागलं, हे ओळखायचं असेल तर छापलेल्या एसजीपीएवरून उलटा हिशेब करा. गुणाकारांची बेरीज तुमच्याकडे आहे. तिला एसजीपीएने भागा. उत्तर २२ च्या आसपास आलं की सगळे क्रेडिट मोजलेत, १८ च्या आसपास आलं की फक्त मिळवलेले. फॉर्म भरताना तोच नियम पाळा.

एक्सेलमधला सापळा

आता माझ्या धंद्याची गोष्ट. हा हिशेब एक्सेलमध्ये एका ओळीत होतो. बी स्तंभात क्रेडिट, सी स्तंभात ग्रेड पॉइंट:

```
=SUMPRODUCT(B2:B7,C2:C7)/SUM(B2:B7)
```

विनाक्रेडिट विषयापुढे बी स्तंभात शून्य लिहा. शून्य वजनाची चिठ्ठी पिशवीत पडतच नाही, त्यामुळे तो विषय यादीत राहिला तरी उत्तर बदलत नाही.

सापळा असा आहे. समजा प्रोग्रॅमिंगचा निकाल अजून यायचा आहे आणि तुम्ही सी स्तंभातला तो चौकोन रिकामा ठेवला. हे सूत्र रिकाम्या चौकोनाला शून्य धरतं, पण खाली SUM मध्ये त्या विषयाचे चार क्रेडिट मोजले जातात. १२० भागिले २२, म्हणजे ५.४५. एक्सेल काही तक्रार करत नाही. तुम्ही न लागलेल्या निकालात स्वतःला नापास करून बसता. ग्रेड पॉइंटऐवजी चुकून अक्षरी श्रेणी टाकली तरी हेच होतं, अक्षरालाही हे सूत्र शून्य मानतं. निकाल यायचा असेल तोवर त्या विषयाचं क्रेडिटही रिकामं ठेवा. मग १२० भागिले १८, म्हणजे ६.६७ येईल, आणि आतापर्यंत लागलेल्या निकालाचा खरा आकडा तोच.

ज्यांनी जावा किंवा सी शिकायला सुरुवात केली आहे, त्यांना आणखी एक. तिथे दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो. 152 / 22 लिहिलं तर उत्तर 6 मिळतं, दशांश गायब. 152.0 / 22 लिहा.

कुठल्याही पद्धतीने केलं तरी शेवटी एक नजर टाका. भारित सरासरी नेहमी सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त ग्रेड पॉइंटच्या मध्ये असते. वरच्या उदाहरणात ती ६ आणि १० च्या मधेच असायला हवी. ५.४५ आलं म्हणजे कुठेतरी शून्य घुसलंय. कोणी १५२ ला विषयांच्या संख्येने, म्हणजे सहाने भागलं तर २५.३३ येतं. दहापैकी पंचवीस मिळत नाहीत, हे लगेच कळतं.

ग्रेडवरून टक्केवारी

टक्केवारीबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण मी अडखळलो तिथेच. सीजीपीए ही ग्रेड पॉइंटची सरासरी आहे, गुणांची नाही. समजा एखाद्या विद्यापीठात ६० ते ६९ गुणांना ७ ग्रेड पॉइंट आहेत. एका मुलीला प्रत्येक विषयात ६९ मिळाले आणि दुसरीला प्रत्येक विषयात ६०. दोघींचा एसजीपीए ७.००. गुणांतला नऊचा फरक ग्रेड देतानाच पुसला गेला. सीजीपीएवरून मूळ टक्केवारी परत मिळवता येत नाही. आपण जे करतो तो फक्त एक ठरवून दिलेला बदल असतो.

आणि ठरवणारे अनेक आहेत. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७०. माझ्या फॉर्मवरचं ०.७५ वजा करायचं सूत्र याच तक्त्याचं. सीबीएसईच्या दहावीत जेव्हा सीजीपीए होता, तेव्हा त्याला ९.५ ने गुणायचा नियम होता. आणि बरेच जण सरळ दहाने गुणतात. माझे ७.१९ या तिन्हींतून घातले तर ६४.४, ६८.३ आणि ७१.९ येतात. मला आवडेल तो आकडा निवडायची मुभा मला नाही. फॉर्मवर सूत्र दिलं असेल तर ते, नाहीतर आपल्या विद्यापीठाने परिपत्रकात किंवा गुणपत्रिकेच्या मागे दिलेलं. टक्केवारी लिहिताना शेजारी सीजीपीए आणि वापरलेलं सूत्रही लिहून ठेवा. तपासणाऱ्याला दोन मिनिटांत पडताळता येतं आणि कोणी तुमच्यावर संशय घेत नाही.

पुढच्या सत्रांचा हिशेब

शेवटी, पुढे बघताना हाच हिशेब कसा वापरायचा, ते सांगतो. एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात बी.टेक.साठी १६० क्रेडिट धरलेले आहेत. चार सत्रांनंतर माझ्या हातात ८४ चिठ्ठ्या आणि ६०४ ची बेरीज. उरल्या ७६ चिठ्ठ्या.

पदवीला ७.५ हवं असेल तर शेवटी बेरीज हवी १६० गुणिले ७.५, म्हणजे १२००. त्यातले ६०४ झालेत, उरले ५९६. ५९६ भागिले ७६ म्हणजे ७.८४. आतापर्यंतच्या ७.१९ पेक्षा जास्त, पण जमण्यासारखं. ८ हवं असेल तर १२८० लागतील, म्हणजे उरलेल्या सत्रांत ८.८९ ची सरासरी. अवघड आहे, अशक्य नाही. आणि ९ हवं असेल तर १४४० लागतील, उरले ८३६, भागिले ७६, म्हणजे बरोबर ११. दहापैकी अकरा. ते दार बंद झालंय, आणि ते बंद आहे हे चौथ्या सत्रानंतरच कळलेलं बरं. मग ज्या ठिकाणी ९ ची अट आहे, तिथल्या तयारीत घालवायचा वेळ ८ कडे वळवता येतो.

मला त्या कागदपत्रांच्या टेबलासमोर उभं राहून हे शिकावं लागलं. घरी अब्बांना शेवटी सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी कागद मागितला, चारही सत्रांचे क्रेडिट विचारले आणि वाणसामानाच्या वहीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडले. ८४ आणि ६०४. म्हणाले, "पोत्यात किती माल आहे ते बघितल्याशिवाय भाव लावलास तू." आठवीपर्यंत शिकलेल्या माणसाने माझी चूक एका वाक्यात सांगितली.

आज घरी गेल्यावर सगळ्या सत्रांच्या मार्कलिस्ट समोर घ्या. प्रत्येकीवरचे क्रेडिट आणि गुणाकार लिहा, दोन बेरजा करा, एक भागाकार करा. उत्तर फॉर्मवर लिहिलेल्या आकड्याशी जुळत नसेल, तर फॉर्म पाठवायच्या आधी दुरुस्त करा.